तीन तुकड्यांच्या श्रेणी खरंच वेगळ्या आहेत का? काय-स्क्वेअर चाचणी आणि तिच्या मर्यादा

प्रश्न: एकच विषय तीन तुकड्यांना तीन वेगवेगळे शिक्षक शिकवतात. पहिल्या तुकडीत ए श्रेणी फारच जास्त दिसतात. मी काय-स्क्वेअर चाचणी लावून पाहिली. पाचही श्रेणी वेगळ्या ठेवल्या तर फरक ठरत नाही, डी आणि नापास एकत्र केले तर ठरतो. यातलं खरं कोणतं? आणि फरक असेल तर तो शिक्षकांमुळे आहे असं म्हणता येईल का? आकडे असे आहेत:

| तुकडी | ए | बी | सी | डी | नापास | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| पहिली | २० | २० | १३ | ५ | २ | ६० |
| दुसरी | १२ | २३ | २८ | १३ | ४ | ८० |
| तिसरी | ८ | १७ | १९ | १२ | ४ | ६० |
| एकूण | ४० | ६० | ६० | ३० | १० | २०० |

उत्तर:

गणित म्हणून तुमची दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. त्यातलं कोणतं धरायचं हे आकड्यांवरून ठरत नाही. श्रेणी एकत्र करायचा निर्णय तुम्ही आकडे पाहण्याआधी घेतला होता की नंतर, त्यावर ते ठरतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सरळ आहे: नाही, या तक्त्यावरून शिक्षकांबद्दल काहीच म्हणता येणार नाही. असं का, ते तुमच्याच आकड्यांवर दाखवतो.

चाचणी नेमकं काय विचारते ते आधी पाहू, कारण पुढचे सगळे घोटाळे तिथूनच सुरू होतात. क्षणभर समजा की तिन्ही तुकड्यांत श्रेणींची वाटणी एकसारखीच आहे आणि दिसतो तो फरक निव्वळ योगायोगाचा आहे. २०० पैकी ४० जणांना ए मिळाली, म्हणजे २० टक्के. मग ६० जणांच्या पहिल्या तुकडीत १२ ए अपेक्षित होत्या, ८० जणांच्या दुसरीत १६ आणि तिसरीत पुन्हा १२. प्रत्यक्षात आल्या २०, १२ आणि ८. अशीच अपेक्षित संख्या प्रत्येक चौकटीसाठी काढायची: ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण विद्यार्थी. मग प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष संख्येतून अपेक्षित संख्या वजा करायची, त्या फरकाचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित संख्येने भागायचं आणि सगळ्या चौकटींची बेरीज करायची.

χ² = Σ (O − E)² / E

भागाकार का करायचा? कारण १२ अपेक्षित असताना ८ ने चुकणं ही मोठी गोष्ट आहे, १२० अपेक्षित असताना ८ ने चुकणं किरकोळ. पहिल्या तुकडीच्या ए चौकटीत ८ चा वर्ग ६४, भागिले १२, म्हणजे ५.३३. पंधराही चौकटींची बेरीज १३.६३ येते. म्हणजे जवळजवळ ४० टक्के वाटा एकट्या त्या चौकटीचा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १३.६३ जास्त की कमी? ते स्वातंत्र्यमात्रांवर, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडमवर अवलंबून आहे. ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा पक्क्या धरल्या, तर तीन गुणिले पाचच्या तक्त्यात फक्त (३ − १) × (५ − १) = ८ चौकटी मोकळेपणाने भरता येतात, बाकीच्या आपोआप ठरतात. फरक नुसता योगायोगाचा असेल तर काय-स्क्वेअरची सरासरी किंमत स्वातंत्र्यमात्रांएवढीच असते. म्हणजे इथे योगायोगानेसुद्धा साधारण ८ यायला हवेत. आपले आलेत १३.६३. आठ मात्रांसाठी पाच टक्क्यांची सीमा १५.५१ आहे, ती ओलांडली जात नाही. पी-मूल्य ०.०९२ येतं. (हे मात्रांचं प्रकरण वाटतं तितकं उघड नाही. कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये ही चाचणी मांडली, पण अशा तक्त्यांसाठी मात्रा किती धरायच्या हे त्याच्याकडून चुकलं होतं. त्याच्या हिशोबाने इथे १४ धरल्या गेल्या असत्या आणि १३.६३ अगदी सर्वसाधारण वाटले असते. ही चूक रोनाल्ड फिशरने १९२२ मध्ये दुरुस्त केली.)

०.०९२ चा अर्थ एवढाच: वाटणी खरोखर सारखी असती, तरी इतकी किंवा याहून जास्त तफावत शंभरात साधारण नऊ वेळा नुसत्या योगायोगाने दिसली असती. वाटणी सारखी असण्याची शक्यता नऊ टक्के आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि सीमा ओलांडली नाही म्हणून तिन्ही तुकड्या सारख्या आहेत हे सिद्ध झालं, असंही होत नाही.

पुढे जाण्याआधी एक चूक सांगतो, कारण अहवालांमध्ये ती वारंवार दिसते. तुकड्यांचे आकार वेगळे असल्यामुळे लोक आधी टक्केवारी काढतात आणि मग चाचणीत टक्केच भरतात. तुमच्या तक्त्याचं तसं केलं तर काय-स्क्वेअर १३.६३ ऐवजी सुमारे २१.६ येतो आणि पी-मूल्य ०.००६ वर घसरतं. विद्यार्थी तेच, श्रेणी त्याच, मग पुरावा एवढा वाढला कुठून? प्रत्येक ओळीची बेरीज १०० झाल्यामुळे २०० विद्यार्थ्यांचे ३०० झाले, आणि नसलेल्या शंभर जणांनी साक्ष दिली. तुकड्या शंभरपेक्षा मोठ्या असत्या तर उलट झालं असतं, खरा पुरावा दडपला गेला असता. चाचणीत नेहमी डोकी भरायची. टक्केवारी वाचकाला दाखवायला ठेवा. एखाद्याच्या अहवालात ही चूक झाली आहे का हे ओळखायला सोपं आहे: काय-स्क्वेअरच्या शेजारी एकूण विद्यार्थिसंख्या दिलेली नसेल, किंवा तक्त्यातल्या संख्यांना दशांश असतील, तर हिशोब पुन्हा करून पाहा.

आता तुमचा खरा पेच. नापासच्या स्तंभात अपेक्षित संख्या ३, ४ आणि ३ आहेत. काय-स्क्वेअरचं पी-मूल्य हे अंदाजी असतं आणि अपेक्षित संख्या फार लहान असल्या तर तो अंदाज बिघडतो. विल्यम कॉक्रनने १९५४ मध्ये दिलेला नियम आजही बहुतेकजण पाळतात: पाचपेक्षा कमी अपेक्षित संख्या असलेल्या चौकटी एकूण चौकटींच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात आणि कोणतीही अपेक्षित संख्या १ पेक्षा कमी नसावी. तुमच्याकडे पंधरापैकी तीन, म्हणजे बरोबर २० टक्के. काठावर, पण नियमात बसणारं. नियम अपेक्षित संख्यांना लागू होतो, प्रत्यक्ष संख्यांना नाही. पहिल्या तुकडीत फक्त दोन नापास आहेत म्हणून घाबरायचं कारण नव्हतं.

तुम्ही डी आणि नापास एकत्र केलेत. तसं केल्यावर काय-स्क्वेअर १३.५८ होतो, मात्रा ६, सीमा १२.५९, पी-मूल्य ०.०३५. आता नीट पाहा: काय-स्क्वेअर १३.६३ वरून १३.५८ झाला, म्हणजे जवळजवळ जागचा हललाच नाही. पण मात्रा आठाच्या सहा झाल्या आणि त्यामुळे सीमा तीनने खाली आली. यात लबाडी नाही. डी आणि नापास हे दोन्ही स्तंभ एकाच बाजूला झुकलेले आहेत, पहिल्या तुकडीत अपेक्षेपेक्षा कमी आणि तिसरीत जास्त. त्यांना वेगळं ठेवून चाचणीला नवं काही कळत नव्हतं, तरी त्या वेगळेपणाचे दोन मात्रांचे पैसे मात्र मोजावे लागत होते.

मग एकत्र करणंच बरोबर, असं वाटेल. पण थांबा. समजा तुम्ही डी-नापासऐवजी ए आणि बी एकत्र केल्या असत्या, ‘चांगली श्रेणी’ म्हणून. तेही तितकंच समंजस वाटलं असतं. तसं केलं तर काय-स्क्वेअर १०.४३ येतो आणि पी-मूल्य ०.१०८. म्हणजे एकाच तक्त्यातून ०.०९२, ०.०३५ आणि ०.१०८ अशी तीन उत्तरं निघाली आणि प्रत्येकामागे ऐकायला बरं वाटणारं कारण आहे. माणूस प्रामाणिक असला तरी आकडे पाहून झाल्यावर त्याचा हात आपोआप सोयीच्या कारणाकडे जातो. म्हणून माझा नियम कडक आहे: कोणत्या श्रेणी एकत्र करायच्या हे तुकडीनिहाय तक्ता उघडण्याआधी लिहून ठेवायचं. एकूण किती नापास झाले हे तुकड्या न पाहताही कळतं. दोनशेत दहाच नापास असतील तर तो स्तंभ विरळ पडणार हे तेव्हाच दिसतं, आणि निर्णय तिथेच घेता येतो. तुम्ही तसं आधी ठरवलं असेल तर ०.०३५ हा तुमचा आकडा. दोन्ही करून पाहिलं असेल तर ०.०९२ लिहा आणि एकत्र केल्यावर काय आलं तेही लिहा. फक्त ०.०३५ लिहिणं चालणार नाही.

विरळ चौकटींची धास्ती असेल तर श्रेणी एकत्र न करताही वाट आहे. दोनशे श्रेणींच्या चिठ्ठ्या करायच्या, पिसायच्या, पुन्हा ६०, ८० आणि ६० च्या ढिगांत वाटायच्या आणि काय-स्क्वेअर काढायचा. हे संगणकाकडून दहा हजार वेळा करून घ्यायचं आणि १३.६३ किंवा त्याहून मोठा आकडा किती वेळा आला ते मोजायचं. यात अंदाजी सूत्राचा आधारच लागत नाही. आर वापरत असाल तर तुमचा तक्ता t या नावाने मॅट्रिक्समध्ये भरल्यावर एक ओळ पुरते:

```r
chisq.test(t, simulate.p.value = TRUE, B = 10000)
```

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते तिच्याकडे येतो. काय-स्क्वेअर चाचणीला ए ही बीपेक्षा वरची आहे हे ठाऊकच नसतं. तक्त्यातले स्तंभ हवे तसे उलटसुलट लावा, नापास मध्ये आणा, ए शेवटी टाका, उत्तर तेच १३.६३. तिच्या दृष्टीने ए, बी, सी म्हणजे लाल, निळा, पिवळा. वाटणी कुठल्याही प्रकारे वेगळी असू शकते हे गृहीत धरून ती आपली ताकद आठ दिशांना पसरून ठेवते. पण तुमच्या आकड्यांत फरक एकाच दिशेचा आहे: पहिली तुकडी अख्खी वरच्या बाजूला सरकलेली आहे. आठ दिशांना शोधणाऱ्या चाचणीला एका दिशेतला फरक फिका दिसतो.

श्रेणींना क्रम आहे ही माहिती आपल्याकडे पहिल्यापासूनच आहे, ती टाकून का द्यायची? क्रम वापरणारी साधी चाचणी म्हणजे क्रुस्कल-वॉलिस. सगळ्या दोनशे विद्यार्थ्यांना खालून वर ओळीत उभं करा. दहा नापासांना १ ते १० क्रमांक, पण ते सगळे सारखेच, म्हणून प्रत्येकाला सरासरी ५.५. मग तीस डीवाल्यांना ११ ते ४० ची सरासरी २५.५. सीला ७०.५, बीला १३०.५, एला १८०.५. आता प्रत्येक तुकडीचा सरासरी क्रमांक काढा: पहिलीचा १२१.३, दुसरीचा ९३.७, तिसरीचा ८८.८. फरकच नसता तर तिघींचा १००.५ च्या आसपास आला असता. सारख्या क्रमांकांची दुरुस्ती धरून चाचणीचा आकडा १२.०५ येतो, मात्रा फक्त २, आणि पी-मूल्य ०.००२४.

```python
import numpy as np
from scipy.stats import chi2_contingency, kruskal

t = np.array([[20,20,13,5,2],
              [12,23,28,13,4],
              [8,17,19,12,4]])
chi2, p, df, exp = chi2_contingency(t)
print(chi2, p, df)
print(exp)
g = [5, 4, 3, 2, 1]
print(kruskal(*[np.repeat(g, r) for r in t]))
```

इथे तुम्ही मला पकडू शकता: आकडे पाहून झाल्यावर आता चौथी चाचणी लावली, मग मघाचा नियम कुठे गेला? रास्त आहे. म्हणून कडक हिशोब करू. एकूण चार वाटा चालून पाहिल्या असं धरून पी-मूल्याला चारने गुणा. ०.००२४ चे साधारण ०.०१ होतात. तरीही ते पाच टक्क्यांच्या बऱ्याच आत राहतात. डी-नापास एकत्र करून आलेल्या ०.०३५ ला चारने गुणलं तर ०.१४ होतात, ते टिकत नाहीत. म्हणून तुमच्या तुकड्यांत वर-खाली सरकण्याचा फरक आहे असं मी म्हणेन, पण तो कौल क्रम वापरणाऱ्या चाचणीच्या जोरावर देईन, श्रेणी एकत्र करण्याच्या नाही.

याचा अर्थ क्रुस्कल-वॉलिस नेहमीच सरस, असा नाही. असा शिक्षक डोळ्यांसमोर आणा जो खूप ए देतो आणि खूप नापासही करतो, मध्ये कमी माणसं ठेवतो. त्याच्या तुकडीचा सरासरी क्रमांक इतरांसारखाच निघेल आणि क्रुस्कल-वॉलिसला काहीच दिसणार नाही. काय-स्क्वेअरला मात्र तो लगेच दिसेल. म्हणून प्रश्न आधी ठरवायचा. ‘एखादी तुकडी एकंदर वर किंवा खाली आहे का’ असं विचारायचं असेल तर क्रमाची चाचणी. ‘श्रेणी वाटण्याची पद्धत कुठल्याही प्रकारे वेगळी आहे का’ असं विचारायचं असेल तर काय-स्क्वेअर. शिक्षकांच्या बैठकीत बहुतेक वेळा पहिलाच प्रश्न लोकांच्या मनात असतो आणि चाचणी मात्र दुसऱ्याची लावली जाते.

फरक आहे म्हटल्यावर तो कुठे आहे हे पाहायला हवं. मघाची ५.३३ ची चौकट आठवा. प्रत्येक चौकटीसाठी समायोजित अवशेष काढता येतो: प्रत्यक्ष वजा अपेक्षित, भागिले त्या फरकाची प्रमाण त्रुटी. पहिल्या तुकडीच्या ए साठी

8 / √(12 × 0.7 × 0.8) = 3.09

यातला ०.७ म्हणजे पहिल्या तुकडीबाहेर असलेल्यांचं प्रमाण आणि ०.८ म्हणजे ए न मिळालेल्यांचं. फरक योगायोगाचा असेल तर हा आकडा साधारण −२ ते +२ मध्ये राहतो. पण पंधरा चौकटी एकदम पाहतोय, तेव्हा एखादी योगायोगानेच बाहेर जाईल. म्हणून सीमा २.९ च्या आसपास धरणं न्याय्य. ३.०९ तीही ओलांडतो. उरलेल्या चौदा चौकटींपैकी एकही २ च्या पलीकडे नाही. दुसरी आणि तिसरी तुकडी टक्केवारीत शेजारी ठेवून पाहा: ए १५ आणि १३, बी २९ आणि २८, सी ३५ आणि ३२. जवळजवळ जुळ्या. म्हणजे ‘तीन शिक्षक तीन तऱ्हेने श्रेणी देतात’ हे वाक्य चुकीचं आहे. ‘पहिल्या तुकडीत ए जास्त आहेत’ एवढंच आकडे बोलतात. आणि फरकाचा आकार? क्रॅमरचा व्ही ०.१८ येतो, माझ्या मते बेताचा. पण अहवालात मी व्हीपेक्षा ‘दर तिघांत एकाला ए, इतर तुकड्यांत दर सातांत एकाला’ असं लिहीन, ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आता शिक्षकांकडे. खूप वर्षांपूर्वी एका बैठकीत असाच एक तक्ता मांडला गेला आणि एका बाईंना सगळ्यांसमोर ‘सढळ हाताच्या’ ठरवण्यात आलं. तक्ता मीच तयार केला होता, आणि तुकड्या कशा पाडल्या गेल्या हे मी विचारलं नव्हतं. नंतर कळलं की वेळापत्रकात एका अवघड ऐच्छिक विषयाचा तास असा बसला होता की तो विषय घेणारी जवळजवळ सगळी मुलं त्यांच्याच तुकडीत आली होती. चाचणी बरोबर होती, फरकही खरा होता, पण बाईंवरचा आरोप खोटा होता. त्या दिवसापासून तुकड्या कशा पाडल्या हे कळल्याशिवाय मी तक्ता कुणापुढे ठेवत नाही.

तुमच्याकडे प्रवेशाच्या वेळच्या परीक्षेचे गुण असतीलच. त्यांवरून दोनशे जणांचे वरचे शंभर आणि खालचे शंभर असे दोन गट करा आणि ए श्रेणी गटागटाने मोजा. नमुन्यादाखल समजा असं निघालं:

| तुकडी | वरच्या गटातले | त्यांत ए | खालच्या गटातले | त्यांत ए |
|---|---|---|---|---|
| पहिली | ४६ | १८ | १४ | २ |
| दुसरी | ३० | १० | ५० | २ |
| तिसरी | २४ | ७ | ३६ | १ |

ए श्रेणींच्या बेरजा तुमच्या तक्त्यातल्याच आहेत: २०, १२, ८. पण वरच्या गटातच पाहिलं तर ए चं प्रमाण ३९, ३३ आणि २९ टक्के. एवढ्याच गटावर ए मिळाली की नाही असा काय-स्क्वेअर काढला तर ०.७४ येतो, दोन मात्रांवर, पी-मूल्य ०.६९. मघाचा ३३ विरुद्ध १३ हा ठसठशीत फरक बहुतेक विरघळला, कारण पहिल्या तुकडीतल्या ६० पैकी ४६ जण आधीपासूनच वरच्या गटातले होते. खालच्या गटात एकूण पाचच ए आहेत. तिथे अपेक्षित संख्या ०.७, २.५ आणि १.८ येतात, म्हणून तिथे चाचणी लावूच नका, त्या गटाकडे सांगण्यासारखं काही नाही. हे आकडे मी रचलेत, तुमचे वेगळे निघतील. वरच्या गटातही पहिली तुकडी स्पष्ट पुढे दिसली, तर शिक्षकाचा विचार करायला जागा आहे. नाही दिसली, तर विषय तिथेच थांबवा.

समजा फरक टिकला. तरी एक अडचण उरतेच आणि ती कुठल्याही सूत्राने सुटत नाही: प्रत्येक शिक्षकाची एकच तुकडी आहे. पहिली तुकडी म्हणजे ते शिक्षक, पण तीच तुकडी म्हणजे सकाळची वेळ, ती खोली, ते सोबती आणि ती प्रश्नपत्रिकाही, जर प्रत्येकाने आपापली काढली असेल तर. या सगळ्या गोष्टी एकमेकींत इतक्या गुंफलेल्या आहेत की दोनशेची दोन हजार मुलं असती तरी त्या सुटल्या नसत्या. त्याशिवाय काय-स्क्वेअर प्रत्येक विद्यार्थ्याची श्रेणी इतरांपासून स्वतंत्र आहे असं धरतो. चारचार जणांच्या गटप्रकल्पाला एकच गुण दिला जात असेल तर साठ जणांची साक्ष प्रत्यक्षात पंधरा गटांच्या जवळ जाते, आणि पी-मूल्य असायला हवं त्यापेक्षा लहान दिसतं. गटप्रकल्पाचा वाटा मोठा असेल तर ते गुण वगळून, फक्त वैयक्तिक लेखी परीक्षेच्या श्रेणींवर चाचणी लावा. एका शिक्षकाची एकच तुकडी या अडचणीवर पहिला उपाय म्हणजे मागच्या सत्रांचे आकडे. त्याच शिक्षकांच्या आधीच्या तुकड्या काढा आणि एकाच शिक्षकाच्या दोन तुकड्यांत आपसांत किती फरक पडतो ते पाहा. तो फरकही एवढाच निघाला, तर शिक्षकाशिक्षकांतल्या फरकाला वेगळं वजन देता येत नाही.

दुसरा उपाय कष्टाचा आहे, पण मला विचाराल तर तोच करा. वरच्या श्रेणी दोन कारणांनी येतात: मुलं जास्त शिकली म्हणून किंवा तपासणी सैल होती म्हणून. श्रेणींचा कुठलाही तक्ता या दोन गोष्टी वेगळ्या करू शकत नाही. परीक्षा एकच असेल तर प्रत्येक तुकडीतून वीस उत्तरपत्रिका चिठ्ठी टाकून काढा, नावं आणि आधीचे गुण झाका, साठांच्या साठ एकत्र मिसळा आणि तिघा शिक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. त्याच उत्तरपत्रिकांना पहिल्या शिक्षकांनी इतर दोघांपेक्षा वरच्या श्रेणी दिल्या, तर प्रश्न तपासणीचा आहे आणि तो गुणदानाची समान पट्टी ठरवून सोडवता येतो. तिघांच्या श्रेणी जुळल्या आणि तरी पहिल्या तुकडीच्या उत्तरपत्रिका वर राहिल्या, तर त्या मुलांना खरंच जास्त येतं. मग प्रवेशाच्या गुणांचा तक्ता पुन्हा काढून बघा, आणि तोही फरकाचा खुलासा करत नसेल तर त्या शिक्षकांच्या तासाला जाऊन बसा. या साठ उत्तरपत्रिकांवर मात्र साधा काय-स्क्वेअर लावू नका. एकच उत्तरपत्रिका तिघांनी तपासली आहे, त्यामुळे तिन्ही श्रेणी एकमेकींना बांधलेल्या आहेत. तिथे फ्रीडमनची चाचणी लागते. ती प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या आतच तिघांची तुलना करते.